प्रकल्प नोंदी: विजापूर रोडवरील गेमिंग केंद्र ते मुंबईचा सर्व्हर, विलंबाचा शोध

२ जून: तक्रार आणि अपेक्षित आकडा

सोलापुरातील विजापूर रोडवरील एका गेमिंग केंद्रातील मुले ज्या काउंटर-स्ट्राइक सर्व्हरवर आपसांतले सामने खेळतात, तो सर्व्हर मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला आहे, आणि त्यावर प्रशासकीय प्रवेश माझ्याकडेच आहे. तक्रार अशी की, सकाळी पडद्यावर ७५ मिलीसेकंदांच्या आसपास पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा वेळ, दिसते आणि रात्री नऊनंतर ती १५० च्या पुढे जाते. हैदराबादहून त्याच सर्व्हरवर येणाऱ्या मित्रांना मात्र दिवसभर ३० पेक्षा कमी पिंग मिळते. सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे एका आवर्तनाला साधारण १५.६ मिलीसेकंद मिळतात. ७५ मिलीसेकंदांच्या फेरीत अशी चारहून अधिक आवर्तने निघून जातात, तेव्हा मुलांचे म्हणणे कानाआड करण्यासारखे नाही.

मोजणीला बसण्यापूर्वी आकडा किती असायला हवा हे कागदावर मांडले. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो, त्यामुळे अंतराच्या दर १०० किलोमीटरमागे जाऊन-येऊन एक मिलीसेकंद लागतो असे धरता येते. सोलापूर ते मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर आहे, म्हणजे केवळ अंतराचे ४ मिलीसेकंद होतात. तारा रस्त्याला धरून सरळ जात नाहीत आणि वाटेतील यंत्रेही थोडा वेळ घेतात, हे जमेस धरले तरी १० ते १५ मिलीसेकंद हा वाजवी आकडा ठरतो. सकाळच्या ७५ पैकी निदान ६० मिलीसेकंदांचा हिशेब लागत नाही, आणि रात्रीची वाढ त्याहून वेगळी आहे. ही दोन स्वतंत्र दुखणी असू शकतात, म्हणून पहिली मोजणी वर्दळ नसताना, पहाटे घ्यायची असे ठरवले.

४ जून: पहाटेची मोजणी

मालकांनी केंद्राची किल्ली आदल्या रात्रीच देऊन ठेवली होती. पहाटे चारच्या सुमारास लॅपटॉप वायफाय न वापरता थेट केबलने राउटरला जोडला. वायफायची स्वतःची चढउतार मोजणीत मिसळली की पहिल्या टप्प्यापासूनच आकडे संशयास्पद होतात. पुढील नोंदींतील सर्व सार्वजनिक पत्ते बदलून दस्तऐवजांसाठी राखून ठेवलेले पत्ते लिहिले आहेत. टप्प्यांचा, म्हणजे वाटेतील राउटरांचा, क्रम आणि वेळा जशाच्या तशा आहेत. प्रत्येक टप्प्याला पाच पॅकेटे पाठवली, पण जागेसाठी येथे त्यांतील तीनच वेळा उतरवल्या आहेत.

```
traceroute -n -q 5 203.0.113.40
 1  192.168.1.1      0.6    0.5    0.6
 2  100.64.8.1       2.1    2.0    2.3
 3  198.51.100.9     3.0    3.1    2.9
 4  198.51.100.33    9.4  148.2    9.6
 5  192.0.2.17      11.8   11.9   11.7
 6  203.0.113.13    74.1   74.3   74.2
 7  203.0.113.2     74.5   74.4   74.6
 8  203.0.113.40    74.7   74.6   74.9
```

हे आकडे कसे तयार होतात ते येथे लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा अर्थ त्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक अंक असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. ज्या राउटरपाशी तो शून्य होतो, तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि 'मुदत संपली' असा आयसीएमपी संदेश पाठवणाऱ्याकडे परत धाडतो. `traceroute` पहिले पॅकेट टीटीएल १ ठेवून पाठवते, मग २, मग ३, आणि प्रत्येक वेळी परत आलेल्या संदेशावरून त्या अंतरावरील राउटरचा पत्ता आणि फेरीचा एकूण वेळ टिपते. त्यामुळे प्रत्येक ओळ म्हणजे एक वेगळी फेरी असते, आणि त्या फेरीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: जाण्याचा वेळ, त्या राउटरने उत्तर तयार करायला घेतलेला वेळ, आणि परत येण्याचा वेळ. आपल्याला पत्ते दिसतात ते फक्त जातानाच्या वाटेचे.

मालक सात वाजता केंद्र उघडायला आले तेव्हा त्यांची नजर चौथ्या, पुण्यातील राउटरच्या ओळीवर खिळली. "बघा की, हितंच तर १४८ दाखवतंय, ह्या पुण्याच्या मशीनमध्येच घोळ आहे!" ही शंका जवळजवळ प्रत्येकाला पहिल्यांदा येते, आणि ती खोडून काढायला पाचवी ओळ पुरेशी आहे. पाचव्या टप्प्याकडे जाणारे प्रत्येक पॅकेट चौथ्या राउटरमधूनच गेले, तरीही ते १२ मिलीसेकंदांत परत आले. चौथा राउटर जाणाऱ्या पॅकेटांना खरोखरच १४८ मिलीसेकंद अडवून ठेवत असता, तर त्यापुढील ओळींतही अधूनमधून तेवढीच वाढ दिसली असती. पुढे जाणारी पॅकेटे राउटरमधील खास चिप हाताळतात आणि त्यांना फारसा वेळ लागत नाही. 'मुदत संपली' हा संदेश मात्र राउटरच्या सर्वसाधारण प्रोसेसरला तयार करावा लागतो, आणि त्या प्रोसेसरच्या लेखी हे काम सर्वांत शेवटचे असते. कित्येक राउटर अशा उत्तरांच्या संख्येवर मर्यादाही घालतात. पुढे `mtr` या मोजणीच्या प्रोग्रॅमने पाहिले तेव्हा याच टप्प्यावर ४० टक्के उत्तरांची गळती दिसली आणि सर्व्हरच्या ओळीत शून्य. गळती आणि विलंब या दोन्हींना नियम एकच लागतो: त्रुटी ज्या टप्प्यावर सुरू होते तेथून शेवटच्या ओळीपर्यंत टिकली तरच ती आपल्या खेळाला लागू होते.

या कसोटीवर चौथा टप्पा निर्दोष सुटतो आणि सहावा अडकतो. पाचव्या ओळीत १२, सहाव्या ओळीत ७४, आणि ते ७४ अखेरपर्यंत तसेच राहतात. म्हणून दोष पाचव्या आणि सहाव्या राउटरमधील तारेत आहे असे म्हणण्याची घाई मात्र आज करत नाही. ते दोन्ही राउटर मुंबईतच आहेत असे त्यांच्या नोंदवलेल्या नावांवरून दिसते, आणि एका शहरातील दोन इमारतींमध्ये ६२ मिलीसेकंदांचे अंतर असू शकत नाही.

खेळाची स्वतःची पॅकेटे याच वेळेने जातात का, हेही पाहणे भाग होते, कारण खेळाची पॅकेटे यूडीपी प्रकारची असतात आणि काही जाळी आयसीएमपी आणि यूडीपी यांना वेगवेगळी वागणूक देतात. लिनक्सवरील साधी `traceroute` यूडीपी पॅकेटे पाठवते, पण दर पॅकेटाला पोर्ट बदलते. म्हणून खेळाच्या नेहमीच्या पोर्टवर स्थिर ठेवून पुन्हा चालवले:

```
sudo traceroute -n -U -p 27015 203.0.113.40
```

पहिल्या सात टप्प्यांचे आकडे तेच आले आणि आठव्यावर नुसते तारे उमटले. या ताऱ्यांचा अर्थ वाट बंद आहे असा होत नाही. २७०१५ वर खेळाचा प्रोग्रॅम ऐकत बसलेला असतो, आणि त्याला न समजणारे पॅकेट तो उत्तर न देता टाकून देतो. नेहमीच्या पद्धतीत शेवटची ओळ दिसते ती न वापरलेल्या पोर्टवर पॅकेट पोहोचल्यामुळे 'असे पोर्ट नाही' असे सर्व्हर कळवतो म्हणून.

७ जून: रात्रीची वाढ

आज रात्री साडेनऊला, सर्व संगणक भरलेले असताना `mtr` चालवले. हा प्रोग्रॅम तेच काम सतत करत राहतो आणि प्रत्येक टप्प्याचा कमीत कमी, सरासरी आणि जास्तीत जास्त वेळ देतो. शंभर फेऱ्यांनंतरच्या कामाच्या तीन ओळी अशा:

```
mtr -n -r -c 100 -o "LBAW" 203.0.113.40
                   Loss%   Best    Avg   Wrst
 1  192.168.1.1     0.0%    0.5    0.7    1.9
 2  100.64.8.1      0.0%    2.0   58.3   97.4
 8  203.0.113.40    0.0%   74.4  131.0  171.8
```

येथे कमीत कमी आणि सरासरी हे दोन रकाने वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. वाटेची लांबी पॅकेटागणिक बदलत नाही, म्हणून ती कमीत कमी वेळेत उतरते. रांग मात्र भरते आणि ओसरते, म्हणून ती सरासरी आणि कमीत कमी यांच्यातील फरकात दिसते. सर्व्हरच्या ओळीतील कमीत कमी वेळ पहाटेइतकाच, ७४.४ आहे, म्हणजे वाट तीच आहे. सरासरी मात्र ५६ ने वाढली, आणि दुसऱ्या टप्प्यावरही ती नेमकी तेवढीच वाढली आहे. रात्रीची सगळी वाढ पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या दरम्यान, म्हणजे केंद्राच्या स्वतःच्या जोडणीवर साचते. तिथून मुंबईपर्यंत त्यात भर पडत नाही.

पहिली ओळ स्वच्छ आणि दुसरी बिघडलेली, याचा अर्थ पहिला राउटर निर्दोष आहे असा घेणे चुकीचे ठरेल. रांग त्याच्याच पोटात, बाहेर जाणाऱ्या तोंडापाशी असते. पण त्याने स्वतः दिलेले उत्तर आतल्या बाजूने लॅपटॉपकडे येते आणि त्या रांगेत उभेच राहत नाही. जोडणीची अपलोड गती २० मेगाबिट आहे. या गतीने ९० मिलीसेकंदांत सव्वादोन लाख बाइट बाहेर पडतात, म्हणजे १५०० बाइटांची सुमारे १५० पॅकेटे. इतकी पॅकेटे साठवणे स्वस्तातल्या राउटरलाही सहज जमते, आणि खेळाचे छोटे पॅकेट त्या सगळ्यांच्या मागे उभे राहते.

एवढे अपलोड कोण करते याचा शोध घ्यायला फार फिरावे लागले नाही. केंद्रातील कॅमेऱ्यांचे चित्रण रोज रात्री नऊ वाजता बाहेरच्या साठवणुकीवर चढू लागते. ते थांबवताच दुसऱ्या ओळीची सरासरी २.४ वर आली, पुन्हा सुरू करताच चढली. शेजारच्या दुकानात याच ऑपरेटरची जोडणी आहे, तेथे त्याच वेळी दुसरा टप्पा शांत होता, म्हणून ऑपरेटरच्या सामायिक तारेवरील गर्दीची शक्यताही मिटली.

चित्रण बंद ठेवणे मालकांना मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. केंद्राच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही हवी तशी बदलता येणारी प्रणाली चालते, त्यामुळे रांगेची व्यवस्था बदलली:

```
tc qdisc replace dev pppoe-wan root cake bandwidth 18mbit
```

मर्यादा खऱ्या गतीपेक्षा थोडी खाली ठेवल्याने रांग पुढच्या अनोळखी यंत्रात न साचता याच राउटरात राहते, आणि येथे `cake` प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मोठ्या ओघामागे खेळाचे पॅकेट ताटकळत नाही. त्यानंतर चित्रण चालू असतानाच घेतलेल्या मोजणीत दुसऱ्या टप्प्याची सरासरी ३.४ आणि कमाल ९ मिलीसेकंद आली. रात्रीचे दुखणे येथे संपले. पहाटेचे ७४ मात्र जसेच्या तसे आहेत.

१० जून: ६२ मिलीसेकंद कोठे आहेत

पाचव्या आणि सहाव्या टप्प्यांमधील उडी पहाटे, दुपारी, रात्री, केव्हाही मोजली तरी ६२ च्याच आसपास येते आणि तिच्यात एका मिलीसेकंदाचीही चढउतार होत नाही. गर्दीची रांग इतकी शिस्तीत राहत नाही. हा विलंब लांबीचा आहे. १०० किलोमीटरला एक मिलीसेकंद या हिशेबाने ६२ मिलीसेकंद म्हणजे जाऊन-येऊन ६,२०० किलोमीटरपर्यंतच्या दूरच्या ठिकाणाची फेरी. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. समुद्रातील केबलचा वळसा धरून त्या फेरीला सहसा ६० मिलीसेकंदांच्या आसपास लागतात. आकडा तिकडेच बोट दाखवतो, पण जातानाच्या वाटेत सिंगापूरचा एकही राउटर नाही.

राहता राहिली परतीची वाट. इंटरनेटवर जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असावा असे बंधन नाही. जाताना कोठून जायचे ते आपला ऑपरेटर आणि त्याचा पुरवठादार ठरवतात, परतताना कोठून पाठवायचे ते सर्व्हर ठेवणारी कंपनी ठरवते. पाचवा राउटर ऑपरेटरच्या पुरवठादाराचा आहे आणि त्याची उत्तरे मुंबईहून थेट सोलापूरला येतात. सहावा राउटर सर्व्हर ठेवणाऱ्या कंपनीचा आहे. त्याची, सातव्याची आणि सर्व्हरची उत्तरे त्या कंपनीच्या मार्गसारणीनुसार निघतात. उडी दोन राउटरांमधल्या तारेवर नसून दोन मालकांच्या सीमेवर आहे, हे लक्षात घेतले की चित्र जुळते.

सर्व्हरवर प्रवेश नसतानाही या तर्काची एक तपासणी घरबसल्या करता येते. `ping` च्या उत्तरात उरलेला टीटीएल दिसतो. लिनक्स सर्व्हर आपली उत्तरे ६४ पासून सुरू करतो. जाताना मध्ये सात राउटर लागतात, तेव्हा परतीची वाट तितकीच असती तर ५७ उरायला हवे होते:

```
64 bytes from 203.0.113.40: icmp_seq=1 ttl=52 time=74.6 ms
```

५२ उरले, म्हणजे परतताना बारा राउटर लागले. पाचव्या टप्प्याला पिंग केल्यावर २५१ उरले; राउटर बहुधा २५५ पासून सुरुवात करतात आणि मध्ये चारच राउटर आहेत, तेव्हा तेथपर्यंतची ये-जा सारखीच दिसते. हा पुरावा ढोबळ आहे, कारण काही जाळी आपले आतले टप्पे मोजणीतून लपवतात, पण पाचांचा फरक पुढे शोध घेण्याइतका बोलका आहे.

घड्याळे जुळवून एकतर्फी वेळ मोजावी असा विचार मनात येऊन गेला. त्यात एक छुपा खड्डा आहे. एनटीपी घड्याळ जुळवताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखाच धरते, म्हणून याच वाकड्या वाटेवरून घड्याळ जुळवले तर त्यात ६२ च्या निम्मी, म्हणजे ३१ मिलीसेकंदांची चूक बसेल आणि दोन्ही दिशा तंतोतंत सारख्या दिसतील. सर्व्हरवरून उलटी `traceroute` घेणे अधिक सोपे आणि अधिक बोलके आहे.

११ जून: सर्व्हरकडून सोलापूरकडे

उलट्या मोजणीसाठी पत्ता कोणता द्यायचा हा पहिला प्रश्न. दुसऱ्या टप्प्यावरील `100.64` ने सुरू होणारा पत्ता हे सांगतो की ऑपरेटर अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. केंद्राचा बाहेरून दिसणारा पत्ता सर्व्हरवरच पाहणे बरे, कारण खेळाची पॅकेटे नेमकी कोणत्या पत्त्यावरून येतात ते तेथेच कळते. एक मुलगा सर्व्हरवर खेळत असताना हे चालवले:

```
sudo tcpdump -n -c 5 udp dst port 27015
```

मिळालेल्या पत्त्यावर `traceroute` सोडली. ती ऑपरेटरच्या पत्ते बदलणाऱ्या यंत्रापर्यंतच पोहोचते. त्यापलीकडचा केंद्राचा राउटर बाहेरून दिसत नाही. आपल्या कामाला तेवढे पुरते.

```
traceroute -n 198.51.100.70
 1  203.0.113.1      0.4
 2  203.0.113.9      0.7
 3  192.0.2.130      1.2
 4  192.0.2.146     57.8
 5  192.0.2.150     58.1
 6  192.0.2.201     61.9
 7  192.0.2.222     62.2
 8  192.0.2.18      62.5
 9  198.51.100.34   65.4
10  198.51.100.70   72.1
```

तिसरी ओळ मुंबईची आणि चौथी ५७.८ मिलीसेकंदांवर. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पत्त्यांच्या नोंदवलेल्या नावांत `sin`, सातव्याच्या नावात `maa` आणि आठव्याच्या नावात `bom` ही विमानतळांची संकेताक्षरे आढळली: सिंगापूर, चेन्नई, मुंबई. मुंबईच्या सर्व्हरमधून निघालेले पॅकेट समुद्रापार जाऊन, चेन्नईला उतरून, पुन्हा मुंबईत येते आणि मग पुणेमार्गे सोलापूरला पोहोचते.

नावांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ती माणसांनी लिहिलेली असतात, आणि राउटर हलवला तरी जुने नाव तसेच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ. म्हणून सिंगापुरातील एका सार्वजनिक चाचणी-केंद्रावरून चौथ्या पत्त्याला पिंग केले. उत्तर एका मिलीसेकंदाच्या आत आले. ही कसोटी एकाच दिशेने चालते. वेळ मोठा असल्यास काहीच सिद्ध होत नाही, कारण रांग, वळसा, आळशी प्रोसेसर यांपैकी कशानेही तो वाढू शकतो. पण एक मिलीसेकंदाच्या आत उत्तर आले तर यंत्र १०० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे, कारण प्रकाशाला त्याहून घाई करता येत नाही. चौथा राउटर सिंगापुरात किंवा त्याच्या अगदी जवळ आहे.

सहावी, सातवी आणि आठवी ओळ जवळजवळ सारखी का, असे मालकांच्या धाकट्या भावाने विचारले. "दादा, पॅकेट सिंगापूरहून चेन्नईला आणि तिथून मुंबईला येतंय, म्हणजे जवळ येतंय, मग वेळ कमी का होत नाही?" प्रश्न चांगला होता. या तिन्ही राउटरांची उत्तरे पुरवठादाराच्या स्वतःच्या वाटेने पुढे चेन्नई-मुंबईकडून सर्व्हरला येतात. म्हणजे प्रत्येक फेरी तेच संपूर्ण वर्तुळ पुरे करते. सिंगापुरात असो, चेन्नईत असो की मुंबईत, पॅकेट उत्तरात रूपांतरित होण्याची जागा बदलते, वर्तुळाची लांबी बदलत नाही. हीच ६२ ची बेरीज पहाटेच्या उडीत दिसली होती. राउटरांची संख्याही जुळते: येथे मधले नऊ, आणि पत्ते बदलणारे यंत्र, ऑपरेटरचा आतला राउटर व केंद्राचा राउटर हे तीन मिळून बारा.

१३ जून: कारण आणि पत्र

परतीची वाट अशी का निवडली गेली याचे उत्तर `traceroute` देऊ शकत नाही; ती वाट दाखवते, निवडीमागचे कारण दाखवत नाही. त्यासाठी सर्व्हर ठेवणाऱ्या कंपनीच्या मार्गसारणीत पाहावे लागते, आणि कंपनीने ती ग्राहकांना पाहण्याची सोय ठेवली आहे. सोलापूरच्या ऑपरेटरच्या पत्त्यांचा गट तिला मुंबईतील इंटरनेट एक्सचेंजवरून, म्हणजे जाळी एकमेकांना थेट जोडली जातात त्या जागेवरून, मिळतच नाही. फक्त एका मोठ्या वाहक कंपनीकडून मिळतो, आणि ती वाहक कंपनी ऑपरेटरच्या पुरवठादाराला सिंगापुरातच भेटते. देशातल्या देशातील वाहतूक परदेशात जाऊन येऊ नये यासाठीच २००३ साली निक्सी ही एक्सचेंजे चालवणारी संस्था स्थापन झाली, आणि आज मुंबईत इतरही एक्सचेंजे आहेत. पण एक्सचेंजवरून न मिळालेल्या गटासाठी त्यांचा उपयोग शून्य. मार्ग निवडणाऱ्या बीजीपीला मिलीसेकंद कळत नाहीत. ते करारातून आलेले प्राधान्य आणि मधल्या जाळ्यांची संख्या पाहते, आणि एकच वाट मिळाली तर तीच घेते.

पुरवठादार तर एक्सचेंजवर हजर आहे, जातानाची वाट तेथूनच जाते. मग त्याने गट जाहीर केला असूनही तो कंपनीपर्यंत का पोहोचला नाही? एक्सचेंजवरील गाळणी केवळ नोंदणीकृत गटच पुढे सोडते, आणि ऑपरेटरने हा गट घेताना मार्ग-नोंदवहीत राउट ऑब्जेक्ट, म्हणजे हा गट कोणत्या जाळ्यातून जाहीर होणार याची नोंद, केलाच नव्हता, असे सार्वजनिक नोंदवही पाहिल्यावर दिसले.

ऑपरेटरच्या तांत्रिक विभागाला पत्र लिहिले. अशा पत्रात 'पिंग जास्त येते' एवढेच लिहिले तर उत्तर म्हणून राउटर बंद करून सुरू करण्याचा सल्ला येतो. म्हणून दोन्ही दिशांच्या मोजण्या शेजारी शेजारी दिल्या, केंद्राचा सार्वजनिक पत्ता आणि मोजणीची वेळ लिहिली, उरलेला टीटीएल ५७ ऐवजी ५२ येतो हे दाखवले, आणि नोंदवहीत जी नोंद नाही तिचा स्पष्ट उल्लेख केला. चौथ्या टप्प्यावरील १४८ मिलीसेकंद आणि ४० टक्के गळती यांचा अर्थही एका ओळीत लिहिला, नाहीतर वाचणारा अभियंता तेथेच अडकून पुण्याच्या राउटरची तपासणी सुरू करील.

२१ जून: बदल

ऑपरेटरने नोंद केल्याचे काल कळवले. गाळण्या सहसा ठरावीक वेळाने नव्याने तयार होतात, म्हणून आज सकाळपर्यंत थांबलो.

```
 5  192.0.2.17      11.8   11.7   11.9
 6  203.0.113.13    12.4   12.3   12.4
 7  203.0.113.2     12.7   12.6   12.8
 8  203.0.113.40    12.9   12.8   13.0
```

जातानाचे पत्ते पूर्वीचेच आहेत, एकही राउटर बदललेला नाही, आणि तरीही ६२ मिलीसेकंद गेले. पिंगमध्ये आता `ttl=57` येते. पडद्यावरील पिंग रात्रीच्या गर्दीतही १५ च्या आसपास राहते, आणि थोरल्या मुलांनी लगेच हैदराबादकरांना सामन्याचे आव्हान पाठवले.

२९ जून: दुसरा गट

काल रात्री पुन्हा ७४ दिसले. जातानाची `traceroute` पाहिली तर पाचव्यापर्यंत १२ आणि सहाव्यापासून ७४, म्हणजे जुनेच चित्र. टीटीएल पुन्हा ५२. सर्व्हरवर `tcpdump` पाहिल्यावर उलगडा झाला: केंद्र या वेळी वेगळ्याच सार्वजनिक पत्त्यावरून येत होते. ऑपरेटरकडे पत्त्यांचे दोन गट आहेत, जोडणी तुटून पुन्हा जुळली की त्यांपैकी कोणताही वाट्याला येतो, आणि नोंद मात्र माझ्या पत्रात ज्याचा उल्लेख होता त्या एकाच गटाची झाली. दुसऱ्या गटाचा राउट ऑब्जेक्ट अजून नोंदवहीत नाही.

त्या गटाचा उल्लेख करून, उलट्या मोजणीसह दुसरे पत्र आज पाठवले. ती नोंद होईपर्यंत सामन्याआधी सर्व्हरला एक पिंग करायची, आणि `ttl=52` दिसल्यास राउटरची जोडणी तोडून पुन्हा जुळवायची, अशी सूचना मालकांनी खेळणाऱ्यांच्या टेबलावर चिकटवली आहे. पहिला गट मिळेपर्यंत हे कधीकधी लागोपाठ करावे लागते.